48 शब्दांतून 16

नववीची मुलं सारांश कसा लिहितात, हे पेपर तपासताना आपण सगळ्यांनी पाहिलंय. उताऱ्याची पहिली दोन वाक्यं जशीच्या तशी उतरवायची, शेवटी एखादं जोडायचं आणि एक तृतीयांश भरलं की पेन खाली. म्हणून पहिल्या तासाला मी लिहायलाच देत नाही. पेन्सिल घ्यायची आणि फक्त खोडायचं. मी फळ्यावर हा उतारा लिहितो:

'बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर उल्कापातातून तयार झाले. त्याचे पाणी मुळातच खारट आहे. 2020च्या जूनमध्ये हे हिरवट पाणी अचानक गुलाबी दिसू लागले. लोक थक्क झाले, फोटो काढू लागले, कोणी चमत्कार म्हणू लागले. तपासणीत कारण कळले: उन्हाने पाणी आटले, त्यामुळे खारटपणा वाढला आणि खारट पाण्यात वाढणारे गुलाबी रंगाचे सूक्ष्मजीव फोफावले.'

हे 48 शब्द झाले, आपल्याला 16 हवेत. पहिल्या फेरीत पूर्ण वाक्यंच खोडायची. एकेक वाक्य हाताने झाकायचं आणि बाकीचं वाचायचं. अर्थ अडला नाही, तर ते वाक्य जाऊ द्यायचं. फोटोंचं वाक्य लगेच जातं. उल्कापातावर मात्र वर्गात भांडण होतं. 'सर, तीच तर भारी गोष्ट आहे!' भारी आहेच, पण उतारा सरोवराच्या जन्माचा आहे की पाण्याच्या रंगाचा? मग नाइलाजाने खोडतात. 'मुळातच खारट' हे वाक्य मी ठेवणार होतो. एका मुलीने मला अडवलं: 'खारटपणा वाढला' म्हटलं, म्हणजे तो आधी होताच की! खरंच होतं तिचं. आता 'हे' खोडून तिथे 'लोणार सरोवराचे' लिहावं लागतं, नाहीतर कुठलं पाणी ते कळत नाही. उरले 27.

दुसऱ्या फेरीत सुटे शब्द. 'अचानक', 'हिरवट', 'तपासणीत कारण कळले' हे जातं. इथे मुलं 'त्यामुळे'ही उडवतात, लहान शब्द म्हणून. तो राखायचा.

नवी वाक्यरचना फक्त तिसऱ्या फेरीत. उरलेलं दोन वाक्यांत गुंफायचं:

'उन्हाने लोणार सरोवराचे पाणी आटून खारटपणा वाढला, गुलाबी सूक्ष्मजीव फोफावले. त्यामुळे 2020च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झाले.'

मोजा, बरोबर 16. आता याच्याशेजारी नेहमीचा सारांश ठेवतो: 'लोणारचे सरोवर उल्कापातातून तयार झाले. त्याचे पाणी मुळातच खारट आहे. 2020च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झाले.' शब्द 15, म्हणजे मोजणीत पास! पण शेजारच्या वर्गातल्या, उतारा न वाचलेल्या मुलाला तो वाचायला दिला की तो लगेच विचारतो, 'का झालं गुलाबी?' सारांश फसला, हे ओळखायला मला दुसरी परीक्षा लागत नाही.

ललित उताऱ्यावर मात्र ही पेन्सिल चालवू नका. तिथे हिरवट आणि अचानक हेच कधी कधी उताऱ्याचं सगळं काही असतं.