निळा कुणाचा? सोयाबीनचा की तुरीचा?

(लातूर येथे संगणक चालक व विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, डॅशबोर्डच्या एका पानावर चार आलेख असतील, तर सोयाबीनला चारही ठिकाणी एकच रंग हवा. एवढंच सांगायला आलोय. ऐकायला सोपं वाटतं, पण मराठवाड्यातल्या एका मोंढ्यात काय झालं ते आधी ऐका.

तिथल्या पडद्यावर तीन आलेख होते. डावीकडे हंगामाच्या आवकेचा पाय चार्ट, उजवीकडे भावाच्या रेषा आणि खाली तालुकावार आवकेचे बार. पाय चार्ट मोठ्या वाट्यापासून रंगत जातो. सोयाबीन सगळ्यात जास्त, म्हणून त्याला यादीतला पहिला रंग, निळा. मग तुरीला नारिंगी, हरभऱ्याला हिरवा. उरलेल्या दोन आलेखांत मात्र पिकं अकारविल्हे लावलेली होती. तूर, सोयाबीन, हरभरा. म्हणजे निळा गेला तुरीकडे आणि नारिंगी आला सोयाबीनकडे. हरभरा दोन्ही क्रमांत तिसरा, म्हणून सगळीकडे हिरवाच राहिला. घात त्यानेच केला. एक रंग तंतोतंत जुळतो म्हटल्यावर उरलेले दोन कोण तपासतो?

भावाच्या आलेखात चूक लगेच उघडी पडते. २०२४-२५ च्या खरिपात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि तुरीचा ७,५५०. निळी रेषा सात हजारांच्या आसपास दिसली, तर इथला शाळकरी पोरगाही म्हणेल, हे सोयाबीन नव्हे. इथं कुणी आडते बसले असतील तर ते मान हलवतायत, मला दिसतंय. खालच्या बारमध्ये मात्र अशी कुठलीच खूण नव्हती. नुसते क्विंटल, आणि जागा वाचवायला लेजंडही काढून टाकलेली. एका तालुक्याच्या बारमध्ये निळा तुकडा लहान, नारिंगी मोठा. बैठकीत सगळ्यांनी वरच्या पाय चार्टवरून अर्थ लावला: सोयाबीन पडलं, तूर चिक्कार आली. त्या वर्षी तिकडे पावसाने ओढ दिली होती, त्यामुळे ते पटण्यासारखंही होतं. तुरीसाठी जादा बारदाना पाठवायचं जवळपास ठरलं. एका जुन्या मुनीमजींना ते रुचेना, त्यांनी मूळ आकडे काढायला लावले. खरं चित्र बरोबर उलटं निघालं. आकडे सगळे बरोबर होते हो! फक्त रंगांनी जागा बदलल्या होत्या.

आणि ही नुसती क्रमाची गोष्ट नाही. त्याच पाय चार्टवर मार्चचा फिल्टर लावला की हरभऱ्याची आवक सगळ्यात जास्त, म्हणून हरभरा निळा होतो. ऑक्टोबर लावला की पुन्हा सोयाबीन निळं. पान तेच, आलेख तोच, आणि एका क्लिकमध्ये पिकांचे कपडे बदलतात. सॉफ्टवेअरला पीक कळत नाही, त्याला फक्त क्रमांक कळतो.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. तर उपाय भराभर सांगतो. रंगांची जोडणी एकाच ठिकाणी लिहायची आणि प्रत्येक आलेखाला तीच द्यायची. प्लॉटलीमध्ये ती अशी:

```python
import plotly.express as px

RANG = {"सोयाबीन": "#E69F00", "तूर": "#0072B2",
        "हरभरा": "#009E73", "इतर": "#999999"}

px.pie(avak, names="पीक", values="आवक",
       color="पीक", color_discrete_map=RANG)
px.line(bhav, x="महिना", y="भाव",
        color="पीक", color_discrete_map=RANG)

print(set(avak["पीक"]) - set(RANG))
```

पाय चार्टमध्ये `color="पीक"` विसरू नका. ते नसेल तर जोडणी लागूच होत नाही. शेवटची ओळ रोज चालवा, `bhav` साठीही. एका तालुक्याने ‘तुर’ लिहिलं, दुसऱ्याने ‘तूर ’ असं मागे मोकळी जागा सोडून लिहिलं, की ते नाव जोडणीत सापडत नाही आणि त्याला भलताच रंग मिळतो. ही ओळ अशी नावं पकडून देते. उत्तर `set()` आलं, म्हणजे सगळी नावं जुळली.

पडद्यावरची तपासणीही सोपी आहे. फिल्टरने एक पीक काढा. उरलेल्यांतलं कुणी रंग बदललं, तर कुठला तरी आलेख अजून क्रमावर चाललाय.

त्याच पानावर तालुक्यांची तुलना असेल तर पिकांचे रंग तालुक्यांना देऊ नका. तालुक्याचं नाव अक्षावर लिहिलेलंच असतं, तिथं या जोडणीत नसलेला एकच रंग पुरतो.

आणि पिकं वाढली तर? सहा-सात रंगांपुढे डोळ्याला फरक लागत नाही, तेव्हा उरलेली पिकं ‘इतर’मध्ये टाका. पण ‘इतर’मध्ये कोण, हेही पूर्ण पानासाठी एकदाच ठरवा. एका आलेखात मूग ‘इतर’मध्ये आणि दुसऱ्यात वेगळा असेल, तर दोन्हीकडचा करडा वेगवेगळ्या बेरजा दाखवतो.