लिंकवर बोट पडल्यानंतर

‘मागील बिल अपडेट नसल्याने आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडली जाईल.’ हा मेसेज तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. सोबतची लिंक नीट वाचा: `mahadiscom.in.bill-pay.example/login`. महावितरणचा पत्ता `mahadiscom.in` हाच, पण तो इथे नुसता पुढे चिकटवलाय. पहिल्या तिरप्या रेघेपासून डावीकडे वाचत या. खरा मालक तिथे कळतो: `bill-pay.example`. फिशिंगचा सगळा खेळ या उलट्या वाचनावर चालतो, कारण आपण डावीकडून दोन शब्द वाचून थांबतो.

समजा, साताऱ्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेचे पैसे असे गेले. सिमकार्ड ओडिशातलं, पैसे जमा झाले राजस्थानातल्या खात्यात, बनावट पान परदेशातल्या सर्व्हरवर. पोलीस खातेदाराचं दार ठोठावतात, तर तिथे एक गवंडी. कर्जाच्या आशेनं त्यानं कुणाला तरी आधार-पॅनच्या झेरॉक्स दिल्या होत्या, खातं उघडल्याचं त्याला ठाऊकच नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66सी प्रमाणे ओळखचोरी झाली आहे ती त्याची. आरोपी म्हणून नाव मात्र आधी त्याचंच येतं!

आता गुन्हा कुठल्या हद्दीतला? तक्रार घेताना ‘आमच्या हद्दीत येत नाही’ म्हणता येत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 ने ती वाट बंद केली. गुन्ह्यात भारतातला संगणक वापरला गेला असेल, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 75 प्रमाणे आपला कायदा परदेशातल्या माणसालाही लागू होतो. कागदावर. प्रत्यक्षात तिकडच्या सर्व्हरची नोंद मागायची तर विनंती गृह मंत्रालयामार्फत त्या देशाकडे जाते, आणि उत्तर येईपर्यंत नोंदी पुसल्या गेलेल्या असू शकतात. म्हणून पैसे गेले की आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. रक्कम पुढच्या खात्यात जाण्यापूर्वी ती गोठवता आली, तरच हाती काही लागतं.

पुराव्याबाबत मला जालन्याचा निकाल महत्त्वाचा वाटतो, जरी तो निवडणुकीचा असला तरी. 2014 ला उमेदवारी अर्ज वेळेनंतर घेतले का, हा वाद होता. निवडणूक कार्यालयातल्या कॅमेऱ्यांचं चित्रण सीडीवर होतं, पण ही नक्कल कोणत्या यंत्रातून कशी काढली याचं प्रमाणपत्र द्यायला अधिकारी तयार नव्हते. अर्जुन खोतकर प्रकरणात 2020 साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं: मूळ यंत्रच कोर्टात आणलं नसेल, तर नकलेसोबत प्रमाणपत्र हवंच, तोंडी साक्ष त्याची जागा घेऊ शकत नाही. ते मिळत नसेल, तर न्यायालयाकडे मागा.

1 जुलै 2024 पासून साक्ष अधिनियमाचं कलम 63 आलं. प्रमाणपत्राचे आता दोन भाग: एक यंत्र सांभाळणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. त्यात फाइलची हॅश किंमत, म्हणजे तिच्या मजकुरावरून गणितानं काढलेला ठसा, लिहावी लागते. फाइलमधला एक स्वल्पविराम बदलला, तरी ही किंमत पार बदलते, त्यामुळे नक्कल तीच आहे का हे तपासता येतं. शिक्षिकेच्या मुलीनं भीतीपोटी मेसेज पुसून फोन फॉरमॅट केला, तर तपासायला मूळच उरत नाही.