मित्राला बुद्धपौर्णिमेचा निरोप

मंडळी, आपण कोल्हापूरच्या बिंदू चौकातून रोज ये-जा करणारी माणसं. तिथला बाबासाहेबांचा पुतळा त्यांच्या हयातीतच उभा राहिला, हे बाहेरगावच्या पाहुण्याला आपण छाती पुढे काढून सांगतो. तेव्हा वैशाख पौर्णिमेला बौद्ध मित्राला दोन ओळी नीट लिहिता आल्या पाहिजेत. मला त्या बरीच वर्षं येत नव्हत्या.

एकदा आलेला मेसेज मी न वाचताच मित्राला पुढे पाठवला. 'विष्णूचे नववे अवतार' अशी सुरुवात, खाली जयंतीचा पंचवीसशेच्या पुढचा आकडा. त्याचा फोन आला. म्हणाला, "गड्या, मन चांगलं हाय तुझं, पण हे आमच्या घरात कुणी मोठ्यानं वाचणार नाही."

कारण सरळ आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली, तेव्हा लोकांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या. बुद्ध विष्णूचा अवतार आहे हे मी मानणार नाही, हा खोटा प्रचार आहे असं मी मानतो, हे त्यातल्या पाचव्या प्रतिज्ञेत आहे. मित्राच्या आजोबांनी ती घेतलेली. आपण प्रेमानं पाठवलेली ओळ त्या घराच्या शब्दालाच खोडून काढते. 'भगवान' शब्दाला मात्र बिचकू नका. 'नमो तस्स भगवतो' हे वंदनेतलंच आहे.

आता आकडा. बौद्ध संवत मोजतात ते महापरिनिर्वाणापासून, जन्मापासून नव्हे. १९५६ साली अडीच हजार वर्षं झाली म्हणून देशोदेशी सोहळे झाले, ते याच हिशेबानं. परंपरा बुद्धांचं आयुष्य ८० वर्षांचं सांगते. म्हणजे जन्मापासून धरलं तर त्याच साली २५८० भरली असती. संवताचा आकडा जयंतीला चिकटवला की बुद्धांचं अख्खं आयुष्यच हिशेबातून गळतं. त्यात जन्म इसवी सनापूर्वी ५६३ चा धरणारे अभ्यासक वेगळंच गणित मांडतात. म्हणून मी आकडा लिहीतच नाही.

आणखी एक गोष्ट मला त्या फोननंतर उमगली. लुंबिनीतला जन्म, बोधगयेची संबोधी आणि कुशीनगरचं महापरिनिर्वाण, तिन्ही परंपरेनं याच पौर्णिमेला. त्यामुळे वाढदिवसाचे फुगे, केक, नाचती अक्षरं इथं शोभत नाहीत. पोट सुटलेल्या हसऱ्या मूर्तीचं चित्रही नको. ती चीनमधल्या बुदाई नावाच्या भिक्खूची आहे, गौतम बुद्धांची नव्हे.

पुढच्या वर्षी मी हातानं टाइप केलं: 'जय भीम. आज वैशाख पौर्णिमा. तथागतांचा जन्म, संबोधी आणि महापरिनिर्वाण यांचं स्मरण करून तुला आणि घरच्या सगळ्यांना मंगल कामना. नमो बुद्धाय.'

थोड्या वेळानं उत्तर आलं: 'जय भीम. संध्याकाळी विहारात ये. वंदना सातला, मग खीर. आईनं तुझ्यासाठी काढून ठेवायला सांगितलीय.'