कोंबडी नळाखाली धुवावी का?

श्रोतेहो, नमस्कार.

आखाड सुरू आहे. श्रावण लागायच्या आत बेळगाव, खानापूर, निपाणी, कुठंही जा, रविवारी सकाळी चिकनच्या दुकानापुढं गर्दी असतेच. पिशवी घरी आली की पुढचं काम ठरलेलं. पिशवी सिंकमध्ये रिकामी करायची, नळ मोठा सोडायचा आणि पाणी निवळ येईपर्यंत तुकडे चोळून धुवायचे. आपल्या आयांनी, सासवांनी हेच शिकवलं. त्यामागं स्वच्छतेचीच काळजी होती. तरीही आज मला स्पष्ट सांगायचं आहे, की नळाखाली धुतल्यानं कोंबडी सुरक्षित होत नाही. उलट तिच्यावरचे जंतू स्वयंपाकघरात पसरतात.

कच्च्या कोंबडीवर प्रामुख्यानं दोन जंतूंची भीती असते, कॅम्पिलोबॅक्टर आणि साल्मोनेला. हे कोंबडीच्या आतड्यात राहतात आणि बऱ्याचदा तिला त्यांचा काही त्रासही होत नाही. म्हणून धडधाकट, ताजी, डोळ्यांसमोर कापलेली कोंबडीसुद्धा यातून सुटत नाही. पोट साफ करताना आतडं जरा फाटलं की त्यातली घाण मांसाला लागते, आणि मग त्याच ओंडक्यावर, त्याच सुरीनं पुढची कोंबडी तोडली जाते. हे जंतू मांसाला नुसते वरून लागलेले नसतात. ओल्या मांसाच्या खाचाखोचांत ते चिकटून बसतात. पाण्याच्या धारेनं रक्त जातं, पिसं जातात, हाडाचा चुरा जातो. जंतू थोडेफार वाहून गेले तरी पुरेसे मागं राहतात, आणि जे निघतात ते सगळे गटारात जात नाहीत.

ते कुठं जातात? धार तुकड्यावर आपटली की बारीक थेंब चहूकडे उडतात. कोंबडीचं मांस मऊ, त्यामुळं धारेखाली त्याला खळगा पडतो आणि त्या खळग्यातून पाणी जास्त उसळतं. नळ जितका उंच, तितका उडणारा थेंब लांब जातो. हे थेंब हातभर अंतरापर्यंत सहज पोचतात. आता आपल्या सिंकच्या हातभर अंतरात काय काय असतं ते डोळ्यांसमोर आणा. धुऊन पालथी घातलेली ताटं, पाण्याची कळशी, हात पुसायचा पंचा, आणि कट्ट्यावर चिरून ठेवलेली काकडी नाहीतर कोथिंबीर. कोंबडी पुढं तासभर रटरटून शिजणार आहे. काकडी शिजणार नाही.

अमेरिकेच्या कृषी खात्यानं 2019 मध्ये एका अभ्यासाचे निष्कर्ष जाहीर केले. लोकांना प्रयोगासाठी उभारलेल्या स्वयंपाकघरात चिकन आणि सॅलड करायला सांगितलं होतं. चिकनवर आधीच एक निरुपद्रवी, पण ओळखता येईल असा जंतू लावून ठेवलेला होता, म्हणजे तो कुठं कुठं जातो ते नंतर तपासता येईल. ज्यांनी चिकन धुतलं, त्यांच्यापैकी 60 टक्के लोकांच्या सिंकमध्ये तो सापडला. सिंक घासल्यावरही 14 टक्के लोकांच्या सिंकमध्ये तो होताच. आणि 26 टक्के लोकांच्या सॅलडच्या पानांवर तो पोचला होता.

याच अभ्यासातला दुसरा आकडाही मी लपवणार नाही. ज्यांनी चिकन धुतलंच नाही, त्यांच्यातल्या 31 टक्के लोकांच्या सॅलडवरही तो जंतू सापडला. कारण त्यांचे हात. कच्चं चिकन हाताळल्यावर हात नीट धुतलेच गेले नव्हते. म्हणून नुसतं धुणं बंद करून भागत नाही.

हात कुठं चुकतात तेही बघू. कोंबडीला मीठ-हळद चोळून झाली. आता चटणी घालायची, म्हणून त्याच हातानं चटणीच्या डब्याचं झाकण उघडलं. मग हात धुवायला त्याच बोटांनी नळाची चावी फिरवली. साबण लावून हात स्वच्छ केले, आणि धुतलेल्या हातानं तीच चावी बंद केली. जंतू परत बोटांवर आले. डब्याचं झाकण तर दुसऱ्या दिवशी भाजीच्या वेळी कुणीतरी उघडणारच आहे. यावर उपाय सोपा आहे. पिशवी सोडण्याआधी चटणी, मीठ, हळद, आलं-लसूण सगळं वाटीत काढून ठेवा. नळ कोपरानं उघडा, नाहीतर दुसऱ्या कुणाला तांब्यानं हातावर पाणी घालायला सांगा. हात धुताना चावीलाही साबण लावा.

"पण रक्त, पिसं तशीच ठेवून शिजवायचं का?" असं बायका मला विचारतात. प्रश्न रास्त आहे. ज्या देशांतून 'चिकन धुऊ नका' असा सल्ला येतो, तिथं ते साफ होऊन, पाकिटात बंद होऊन मिळतं. आपल्याकडं ते ओंडक्यावर तोडून काळ्या पिशवीत पडतं. म्हणून आधी दुकानातच पिसं आणि आतला भाग नीट काढून घ्या. घरी उरलेली पिसं हातानं उपटा, रक्त कागदानं टिपून काढा आणि तो कागद लगेच कचऱ्यात टाका. एवढ्यानं मन मानत नसेल, तर धार नको, साचलेलं पाणी वापरा. पातेल्यात आधी पाणी भरून घ्या, नळ बंद करा, मग तुकडे हळूच आत सोडा. हलक्या हातानं फिरवा आणि उचलून घ्या. ते पाणी उंचावरून ओतू नका. पातेलं मोरीला टेकवून जाळीजवळ सावकाश सोडा. यानं शिंतोडे कमी होतात. जंतू मरतात असं मात्र समजू नका.

मीठ, हळद, लिंबू, व्हिनेगर लावल्यानं वास जातो, बुळबुळीतपणा जातो, चव येते. कोंबडी जंतुमुक्त होईल इतका त्यांचा जोर नसतो. ते काम आचेचं. मांस आतपर्यंत 74 अंश सेल्सिअस तापलं की हे जंतू मरतात. रस्सा उकळतो तेव्हा तो याच्या बराच वर असतो, त्यामुळं प्रश्न येतो तो मोठ्या तंगडीचा आणि तव्यावर नाहीतर निखाऱ्यावर भाजलेल्या तुकड्यांचा. सगळ्यांत जाड तुकडा हाडापर्यंत चिरून बघा. आत गुलाबी मांस किंवा लालसर पाणी दिसलं तर आणखी शिजवा.

काम झाल्यावर सिंक, कट्टा, पाट आणि सुरी आधी साबण आणि गरम पाण्यानं घासा, म्हणजे चरबी निघेल. मग चार लिटर पाण्यात मोठा चमचाभर साधं ब्लीच घालून ते पाणी फिरवा आणि काही मिनिटं तसंच राहू द्या. आणि कोशिंबीर नेहमी कोंबडीच्या आधी करा. चिरा, झाका, लांब ठेवा, मगच पिशवी सोडा.

आता, आजवर कोंबडी धुऊनही कुणाला काही झालं नाही, असं का वाटतं? कॅम्पिलोबॅक्टरचा त्रास साधारण दोन ते पाच दिवसांनी सुरू होतो. रविवारी पोटात गेलेला जंतू बुधवारी जुलाब आणि ताप घेऊन उठतो, आणि आपण मंगळवारच्या भेळेला नाव ठेवतो. रविवारची कोंबडी चांगली शिजलेली होती, म्हणून तिची आठवणही कुणी काढत नाही. सोबतची काकडी तर कुणाच्या लक्षातही नसते. जुलाबात रक्त दिसलं, ताप चढला, किंवा आजारी माणूस लहान मूल, गरोदर बाई अथवा म्हातारं असेल, तर घरगुती उपायांवर थांबू नका. डॉक्टरकडे जा, आणि काल काय खाल्लं एवढंच नको, मागच्या आठवडाभरात काय खाल्लं आणि कच्चं चिकन घरात कधी आलं होतं, तेही त्यांना सांगा.

नमस्कार.