रविवारच्या वाचनालयाची मुदत

(बडोद्यातल्या एका वाचक-मंडळासमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, तुमच्या नियमावलीचा मसुदा मी वाचला. त्यात लिहिलंय, ‘पुस्तक दहा दिवसांत परत करावे, नंतर दररोज एक रुपया दंड.’ आणि वर लिहिलंय, ‘वाचनालय फक्त रविवारी सकाळी उघडे राहील.’ ही दोन वाक्यं एकमेकांशी भांडतात.

रविवारी नेलेल्या पुस्तकाचे दहा दिवस बुधवारी भरतात. बुधवारी तुमचं दार बंद. वर्गणीदार पुढच्या रविवारी येतो, म्हणजे चौदाव्या दिवशी, आणि तुम्ही त्याच्याकडे चार रुपये मागता. तो म्हणणार, ‘अहो, बुधवारी येऊन मी कुलपाला पुस्तक देऊ का?’ त्याचं बरोबरच आहे. म्हणून मुदत दिवसांत लिहूच नका, रविवारांत लिहा: ‘पुढच्या रविवारी’ किंवा ‘दोन रविवारांनी’. दंडसुद्धा चुकलेल्या रविवारामागे. परतीची तारीख पुस्तकाच्या आतल्या चिठ्ठीवर लिहिली की हिशेबाचा वादच राहत नाही.

बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावलं आणि मोफत वाचनालयांचं जाळं उभं केलं, हे इथे सगळ्यांना पाठ आहे. त्यांच्या पाठीशी संस्थानाचा पैसा होता. तुमच्या पाठीशी दांडिया बाजारातली एक खोली आणि दोन कपाटं. त्यामुळे तुमचा खरा तुटवडा पुस्तकांचा नाही, दार उघडं असण्याच्या तासांचा आहे.

हे सगळ्यात आधी कळतं दिवाळी अंकांत. समजा तीस वर्गणीदार आहेत आणि एक गाजलेला अंक सगळ्यांनाच हवा आहे. प्रत एक, दार आठवड्यातून एकदा उघडणार. एक अंक एका आठवड्यात एकाच घरी जाणार, म्हणजे तीस आठवडे. नोव्हेंबरच्या मध्यापासून मोजा, शेवटच्या माणसाच्या हाती दिवाळी अंक जूनमध्ये पडतो! ‘अंक चार दिवसांत परत करा’ असा नियम केलात तरी काही फरक पडत नाही, कारण चौथ्या दिवशी घ्यायला कोणी बसलेलंच नाही. दुसरी प्रत घेतली तर पंधरा आठवडे. दुसरी प्रत न घेता बुधवारी संध्याकाळी तासभर दार उघडलं तरी पंधराच. दोन्ही केलंत तर आठ आठवड्यांत काम उरकतं.

सगळ्या अंकांच्या दोन प्रती घ्यायची गरज नसते. पहिल्या रविवारी प्रत्येक अंकासाठी नंबर लावून घ्या आणि नावं मोजा. जानेवारी संपेपर्यंत सगळ्यांचं वाचून व्हावं असं ठरवलंत तर हातात साधारण दहा रविवार असतात. ज्या अंकावर दहापेक्षा जास्त नावं आहेत त्याचीच दुसरी प्रत मागवा, आणि लगेच मागवा. पुण्या-मुंबईहून पार्सल यायला वेळ लागतो, आणि मागणी असलेले अंक लवकर संपतात.

आता एक चोरवाट सांगतो, जिच्यातून सगळा वेळ गळतो. अंक परत आला, पुढचा नंबर जोशीकाकूंचा, आणि त्या लग्नाला सुरतेला गेल्यात. तुम्ही सौजन्याने अंक बाजूला ठेवता. तो अंक आठवडाभर कपाटात वाचकाविना पडून राहतो. प्रत्येक नंबराला असं झालं तर तीस आठवड्यांचे साठ होतात. म्हणून नियम असा: ज्याचा नंबर आहे त्याने त्या दिवशी बंद व्हायच्या आत अंक न्यावा किंवा कोणाला तरी पाठवावं. नाही आला, तर यादीतला पुढचा जो हजर आहे त्याला द्या. मात्र काकूंचा नंबर जात नाही, पुढच्या वेळी त्यांचाच पहिला हक्क. हे शेवटचं वाक्य नियमावलीत ठळक लिहा, नाहीतर पहिल्या महिन्यात कोणीतरी रुसेल. आणि मुदतवाढ फक्त ज्या पुस्तकासाठी कोणी नंबर लावलेला नाही त्यालाच.

याच्यासाठी यादी थोडी बदलावी लागेल. तुम्ही पुस्तकाच्या नावाला एक ओळ दिली आहे, प्रती ‘२’ असा रकाना केला आहे. तसं नको. प्रत्येक प्रतीला स्वतःचा दाखल क्रमांक आणि स्वतःची ओळ. नाहीतर दोनपैकी कुठली प्रत कुलकर्ण्यांकडे आहे आणि कुठलीचं मधलं पान फाटलंय, हे कळणारच नाही. नंबर मात्र नावावर लावायचा, प्रतीवर नाही. जी प्रत आधी येईल ती.

हरवलेल्या पुस्तकाबद्दल: ‘छापील किंमत भरावी’ असं तुम्ही लिहिलंय. १९७० सालच्या पुस्तकावर बारा रुपये छापलेले असतात. बारा रुपयांत आज काय येतं? ‘त्याच पुस्तकाची दुसरी प्रत आणून द्यावी, न मिळाल्यास समितीने ठरवलेली आजची किंमत’ असं लिहा, आणि ज्यांची दुसरी प्रत मिळणारच नाही ती पुस्तकं घरी देऊच नका, खोलीत बसून वाचू द्या. अनामत मात्र एका वेळी घरी जाणाऱ्या दोन पुस्तकांच्या किमतीच्या आसपास असू द्या.