सादळलेली मिरची आणि भोकं पडलेले पापड

साठवणीच्या मिरचीत, मसाल्यात, पापडांत जे काही वळवळताना दिसतं त्याला आपण सरसकट ‘कीड’ म्हणतो आणि सगळ्यावर एकच उपाय करतो: उन्हात पसरून ठेवतो. हा उपाय पुष्कळदा फसतो. कारण या डब्यांमध्ये दोन अगदी वेगळ्या जातीचे जीव राहतात, आणि एकाला मारणारी गोष्ट दुसऱ्याला पुरत नाही. म्हणून आधी कोण आलंय ते ओळखू.

समजा, उन्हाळ्यात तीन किलो सुकी मिरची डब्यात भरली. शेजारी पातळ पिशवीतले उडदाचे पापड आहेत. ऐन पावसाळ्यात एके दिवशी खिडकीच्या काचेवर दोन-तीन मिलिमीटरचे तांबूस तपकिरी भुंगे दिसतात. वरून पाहिलं तर डोकं दिसतच नाही, ते छातीखाली वाकलेलं असतं आणि पाठीला कुबड आल्यासारखी वाटते. हा सिगारेट बीटल, तंबाखूच्या गोदामांत कुप्रसिद्ध झालेला. त्याचा भाऊबंद ड्रगस्टोअर बीटल अगदी असाच दिसतो, फक्त त्याच्या पंखांवर उभ्या बारीक रेघा असतात. घरच्या दृष्टीने दोघांचा बंदोबस्त एकच.

तिखटजाळ मिरची हा किडा खातो कशी? त्याच्या अळीच्या आतड्याजवळ यीस्टसारखे सूक्ष्मजीव राहतात. ते तिला जीवनसत्त्वं पुरवतात आणि अन्नातले विषारी घटक पचवायला मदत करतात. मादी अंड्यांच्या कवचावर हे सूक्ष्मजीव लावून ठेवते, आणि बाहेर पडणारी अळी कवच कुरतडताना ते गिळते. म्हणूनच हळद, धणे, आलं, तंबाखू, काहीही तिला चालतं. डब्यात तमालपत्र किंवा हिंगाचा खडा टाकून निश्चिंत राहू नका, असं मी म्हणतो ते याचसाठी. जी अळी मिरचीच्या पोटात बसून मिरचीच खाते, तिला वासाने हुसकावणं अवघड आहे.

खिडकीवरचा भुंगा तसा निरुपद्रवी, तो फारसं खात नाही. नासधूस करते ती अळी. तीस अंशांच्या आसपास, दमट हवेत अंड्यापासून भुंगा व्हायला साधारण दीड ते दोन महिने लागतात. म्हणजे आज दिसलेल्या भुंग्याचं अंडं दीड-दोन महिन्यांपूर्वी घातलेलं होतं. एक मादी शंभरपर्यंत अंडी घालू शकते. त्यामुळे पहिले चार भुंगे मारून गप्प बसलो, तर पुढची पिढी दाराशी असते.

उगम शोधायला एकेक डबा पांढऱ्या कागदावर पालथा करा. मिरचीच्या सालीवर टाचणीने टोचल्यासारखं गोल भोक, तळाशी भुशासारखी पूड, आणि मिरची फोडल्यावर बियांच्या जागी गुंडाळलेली पांढरट अळी. पापडांत खूण आणखी स्पष्ट असते: थप्पीतल्या चार-पाच पापडांना एकाखाली एक भोक, कारण अळी सरळ आरपार पोखरत जाते. पातळ प्लास्टिकची पिशवीही हा किडा कुरतडतो, त्यामुळे गाठ मारलेली पिशवी म्हणजे संरक्षण नव्हे. जाड काचेची किंवा जाड प्लास्टिकची, झाकणाला रबरी कडं असलेली बरणी हवी.

आता मारायचं कसं? उन्हात पसरलेल्या मिरचीतून भुंगे उडून जातात, अळ्या मात्र सालीच्या सावलीत तग धरतात. उष्णतेने खात्रीने मारायचं तर मालाच्या मध्यभागी साठ अंश तापमान तासभर टिकलं पाहिजे. ओव्हनमध्ये ते जमतं, पण मसाल्याचा वास आणि मिरचीचा रंग त्यात उतरतो. मला थंडी जास्त भरवशाची वाटते. अर्धा-अर्धा किलोच्या चपट्या, घट्ट बंद पिशव्या करून उणे अठरा अंशांच्या फ्रीजरमध्ये सात दिवस ठेवा. मोठा गोळा ठेवला तर मध्यभाग गार व्हायलाच वेळ जातो. फ्रीजचा खालचा कप्पा इथे उपयोगाचा नाही. चार अंशांना कीड वाढायची थांबते, लगेच मरत नाही, आणि बाहेर काढल्यावर पुन्हा कामाला लागते.

फ्रीजरमधून काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. रात्रभर तशीच राहू द्या. गार मालावर दमट हवा लागली की पाणी सुटतं, आणि आपण भुंगा मारून दुसऱ्या पाहुण्याला निमंत्रण देतो.

तो पाहुणा म्हणजे माइट. कीटक नव्हे, कोळ्याच्या कुळातला, अर्ध्या मिलिमीटरहून लहान, जवळजवळ पारदर्शक. एकटा डोळ्याला दिसत नाही. दिसते ती पापडाच्या पिशवीच्या तळाची मळकट धूळ, जी जराशी सरकते. पुडीसाठी सोपी चाचणी आहे: काळ्या कागदावर चमचाभर मसाला पसरून वरून काचेने सपाट दाबा, काच उचला आणि वीस मिनिटं हात लावू नका. पृष्ठभाग खडबडीत झाला, बारीक चर पडले, तर माइट आहेत.

माइट पाणी पीत नाहीत, हवेतली वाफ अंगात ओढून घेतात. हवेची आर्द्रता ६५ टक्क्यांच्या खाली राहिली तर ते हळूहळू सुकून मरतात. भुंग्याचं तसं नाही, तो बराच कोरडेपणा सोसतो. म्हणून माइटवरचा खरा इलाज कोरडेपणा. तो मोजता येतो: बरणी तीन चतुर्थांश मिरचीने भरून आत छोटा डिजिटल आर्द्रतामापक ठेवा, झाकण लावा, चोवीस तासांनी आकडा बघा. स्वस्त मापक पाच-एक टक्के चुकतो, म्हणून ५५ च्या आत आला तरच समाधान माना.

जास्त आला तर सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकून भागत नाही. हिशेब करू. एक किलो मिरचीत १४ टक्के ओलावा आहे आणि तो ११ वर आणायचाय, तर सुमारे ३४ ग्रॅम पाणी काढावं लागतं. सिलिका जेल आपल्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शाइतकं पाणी धरतं असं मानलं, तर १७० ग्रॅम जेल लागेल. म्हणून मिरची आधी वाळवायची, जेल फक्त कोरडेपणा टिकवायला.

पापडाची अडचण खरी आहे. तो फार वाळवला तर तडकतो, म्हणून थोडा मऊपणा ठेवावाच लागतो आणि तिथेच माइटची हद्द सुरू होते. त्यामुळे वीस-पंचवीस पापडांची लहान हवाबंद पाकिटं करा, फ्रीजरमध्ये ठेवा, आणि लागेल तसं एकच पाकीट काढा. माइट लागलेले पापड भाजून खाऊ नका. भाजल्याने माइट मरतात, पण ॲलर्जी आणणारी त्यांची प्रथिनं उष्णतेने सगळी नष्ट होत नाहीत, आणि संवेदनशील माणसाला त्याचा गंभीर झटका येऊ शकतो. शिवाय माइट फोफावले म्हणजे माल ओला होता, तिथे बुरशीही असू शकते. तो टाकूनच द्या.

धान्यात टाकायच्या फॉस्फाइडच्या गोळ्या मात्र घरात चुकूनही आणू नका. त्यांचा वायू बंद खोलीत माणसाचा जीव घेतो.

आपल्या उदाहरणातल्या कपाटाचं काय? पोखरलेली मिरची आणि भोकांचे पापड बाहेर, उरलेला माल फ्रीजरमध्ये. कपाटाच्या फळ्यांच्या सांध्यात साचलेली पूड व्हॅक्यूमने ओढून घ्या, पुसून पूर्ण कोरडं होऊ द्या. फेरोमोनचा, म्हणजे मादीच्या गंधाने नराला ओढून घेणारा, चिकट सापळा मिळाला तर लावा. त्यात फक्त नर अडकतात, त्यामुळे कीड संपत नाही, पण ती आहे की नाही ते कळतं. दोन महिने दर आठवड्याला सापळा बघा. एखाद्या सांध्यात अळी राहिली असेल, तर तिचा भुंगा बहुधा याच मुदतीत बाहेर येईल.