ढिगाला हवा हवी

[दृश्य: फिरता पिंप]

या फिरत्या पिंपात ठेचलेलं तांब्याचं धातुक पडतंय. पुढे याचा ढीग रचून, आम्लपाणी आणि जिवाणूंच्या मदतीने त्यातलं तांबं काढायचं. बहुतेक खडे 2 सेंटिमीटरहून लहान. त्यावर पाणी आणि तीव्र गंधकाम्ल सोडलं जातं. आत जाताना धूळ सुटी होती, बाहेर येताना ती खड्यांना चिकटून बसलीये. ती सुटीच राहिली असती, तर ढिगात पाण्याबरोबर खाली उतरून फटी बुजवून बसली असती. मग ना पाणी मुरणार, ना हवा खेळणार.

[दृश्य: अस्तर, त्यावर सच्छिद्र नळ्या]

खाली जाड प्लॅस्टिकचं अस्तर, त्यावर हवेच्या नळ्या. आता यावर 6 ते 10 मीटर उंचीचा थर रचला जाईल. वरून ठिबक नळ्यांतून दर चौरस मीटरला तासाला 5 ते 10 लिटर आम्लयुक्त पाणी पडत राहील.

हे धातुक चाल्कोसाइटचं, म्हणजे तांबं आणि गंधकाचं. त्यातलं तांबं सोडवतं ते पाण्यातलं फेरिक लोह. पण हे काम करताना ते स्वतः फेरस होतं, निकामी होतं. त्याला पुन्हा फेरिक करतात लेप्टोस्पिरिलम आणि ॲसिडिथायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स हे जिवाणू. दुसरे काही जिवाणू गंधकापासून आम्ल बनवतात. दोघांनाही ऑक्सिजन लागतोच.

[दृश्य: केब्राडा ब्लांकाची जुनी छायाचित्रं]

चिलीतली केब्राडा ब्लांका खाण सुमारे 4,400 मीटर उंचीवर आहे. तिथली हवाच विरळ. 1994 पासून तिथे जिवाणूंच्या जोरावर तांबं काढलं गेलं, तेव्हा ढिगाखालून ब्लोअरने हवा द्यावी लागली.

[दृश्य: निळसर-हिरवं द्रावण, नमुन्याची बाटली]

चाल्कोसाइटमधलं जवळपास निम्मं तांबं लवकर सुटतं. उरलेल्याला महिने लागतात, आणि हवेची खरी परीक्षा तिथेच होते. म्हणून ढिगातून खाली झिरपून आलेल्या या द्रावणातलं फेरस लोह नियमित मोजतात. ते वाढू लागलं, की जिवाणू मागे पडलेत. आधी ब्लोअर आणि नळ्या तपासायच्या. सामू 1.5 ते 2 च्या आसपास हवा. तो 2.5 च्या वर चढला, तर फेरिक लोह जॅरोसाइटच्या पिवळट साक्यात बसतं आणि खड्यांवर पापुद्रा धरतो. ढिगाच्या माथ्यावर पाण्याची डबकी दिसली, तर आत फटी बुजल्यात असं समजा. तिथे नुसतं पाणी वाढवून भागत नाही.

चाल्कोपायराइट, म्हणजे तांबं, लोह आणि गंधकाचं खनिज, मात्र या थंड ढिगात फारसं दाद देत नाही. त्याच्या पृष्ठभागावरच आवरण धरतं आणि क्रिया मंदावते.

[दृश्य: विद्युत टाक्या, तांब्याचे पत्रे]

द्रावणातलं तांबं सेंद्रिय द्रावकात ओढून घेतात आणि विजेने पत्र्यावर बसवतात. उरलेलं आम्लपाणी पुन्हा ढिगावर जातं.

[दृश्य: जुना ढीग]

काम थांबलं तरी आम्ल झिरपत राहतं, म्हणून अस्तर आणि गटारांवर पुढेही लक्ष ठेवावं लागतं.